मद्य व शामक औषधांचा अतिरेकी अंमल : धोक्याची लक्षणे आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत उपस्थितांचे कर्तव्य

बीजसंज्ञा : मद्यविषबाधा, शामक औषधे, श्वसनमंदता, कुशीवरील सुरक्षित स्थिती, प्रथमोपचार

प्रस्तावना

मद्याच्या अंमलाखाली निपचित पडलेल्या व्यक्तीकडे पाहण्याची आपल्या समाजाची एक ठराविक दृष्टी आहे. ‘चढली आहे, झोपू द्या, सकाळी उतरेल’ या वाक्यात ती नेमकेपणाने व्यक्त होते. बहुतेक वेळा सकाळी ती व्यक्ती खरोखरच उठते. त्यामुळे या समजुतीला अनुभवाचा आधार मिळत राहतो. परंतु ज्या थोड्या प्रसंगी ती व्यक्ती उठत नाही, त्या प्रसंगी मृत्यू हा घरातल्या माणसांच्या उपस्थितीत, शेजारच्या खोलीत, कित्येकदा त्याच अंथरुणाशेजारी घडलेला असतो. मद्याबरोबर झोपेच्या अथवा चिंताशामक गोळ्याही पोटात गेलेल्या असतील, तर हा धोका अनेक पटींनी वाढतो.

अशा प्रसंगी गाढ झोप आणि बेशुद्धावस्था यांतील फरक कसा ओळखावा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वेळात उपस्थितांनी काय करावे व काय टाळावे, या दोन प्रश्नांपुरते प्रस्तुत लेखाचे विवेचन मर्यादित आहे. रुग्णालयातील उपचार हा या लेखाचा विषय नाही.

मद्य आणि गोळी यांचा एकत्रित परिणाम

अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोनाझेपाम यांसारखी चिंताशामक औषधे व झोल्पिडेमसारखी निद्राकारक औषधे मेंदूतील ‘गाबा’ या रासायनिक संदेशवाहकाचे कार्य बळकट करतात. गाबाचे काम मज्जापेशींची उत्तेजना कमी करण्याचे आहे; वाहनाच्या ब्रेकशी त्याची तुलना करता येईल. मद्यही बऱ्याच अंशी याच यंत्रणेवर परिणाम करते. म्हणजेच दोन्ही पदार्थ एकाच ब्रेकवर पाय ठेवतात. यांपैकी गोळ्या एकट्या घेतल्या गेल्या असता निरोगी प्रौढ व्यक्तीचा श्वास पूर्णतः थांबण्याचे प्रमाण तुलनेने कमी आढळते. मात्र त्यांच्या जोडीला मद्य अथवा अफूवर्गीय वेदनाशामक असेल, तर परिणामांची केवळ बेरीज होत नाही, ते परस्परांना वाढवितात.

मेंदूच्या तळाशी असलेले श्वसनकेंद्र हे या परिणामाचे सर्वांत महत्त्वाचे लक्ष्य होय. झोपेतही हे केंद्र जागे असते व रक्तातील कर्बवायू वाढताच श्वास घेण्याची आज्ञा देते. अंमल अतिरेकी झाल्यास ही आज्ञाच क्षीण होते. त्याच वेळी घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकून श्वासमार्ग अडवू लागते आणि घशात काही गेले असता ठसका लागण्याची स्वाभाविक प्रतिक्रिया नाहीशी होते. अशा अवस्थेत उताणे पडलेल्या व्यक्तीला उलटी झाली, तर ती उलटी फुप्फुसात उतरते. थोडक्यात, मृत्यू दोन मार्गांनी येतो : श्वास हळूहळू मंदावून, किंवा उलटीमुळे अचानक गुदमरून. पुढील सर्व सूचना या दोन मार्गांना अडविण्यासाठीच आहेत.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेणे आवश्यक ठरते. शेवटचा घोट घेतल्यानंतर मद्याचा अंमल लगेच ओसरू लागतो, अशी समजूत आहे; ती चुकीची आहे. जठरातील मद्य आतड्यात व तेथून रक्तात जात राहते, त्यामुळे पिणे थांबल्यानंतरही अर्ध्या ते दीड तासापर्यंत रक्तातील प्रमाण वाढत राहू शकते. गोळ्यांनाही विरघळून रक्तात मिसळण्यास वेळ लागतो. म्हणून ‘मघाशी बोलत होता’ हे धोका टळल्याचे लक्षण नव्हे. अंमल वाढतो आहे, असाच त्याचा अर्थ असू शकतो.

यकृत मात्र आपल्या संथ गतीनेच काम करते. सर्वसाधारण प्रौढ व्यक्तीच्या 100 मिलिलीटर रक्तातून दर तासाला सुमारे 15 मिलिग्रॅम मद्य नाहीसे होते. मध्यरात्री हे प्रमाण 200 मिलिग्रॅम असेल, तर सकाळी आठ वाजताही सुमारे 80 मिलिग्रॅम शिल्लक राहते. वाहन चालविण्यासाठी कायद्याने ठरविलेली मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ‘रात्रीतून उतरते’ या म्हणण्यातील फोलपणा कळतो. कडक कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ अथवा अंगणात फेऱ्या मारणे यांपैकी कोणत्याही उपायाने हा वेग वाढत नाही.

झोप की बेशुद्धी : ओळखण्याची रीत

झोपलेल्या माणसाला उठविता येते. बेशुद्ध माणसाला उठविता येत नाही. हा भेद साधा आहे, परंतु तो तपासून पाहावा लागतो. प्रथम व्यक्तीला नावाने मोठ्याने हाक मारावी व डोळे उघडण्यास सांगावे. प्रतिसाद न आल्यास दोन्ही खांदे हलवावेत. तरीही प्रतिसाद नसेल, तर मान व खांदा यांमधील स्नायूला जोराचा चिमटा घ्यावा. व्यक्तीने डोळे उघडून अर्थपूर्ण शब्द उच्चारले, तर ती सध्या जागविता येण्याजोगी आहे; तिच्याजवळ थांबून थोड्या थोड्या वेळाने हीच तपासणी पुन्हा करावी. केवळ कण्हणे, हात झटकणे अथवा डोळे क्षणभर किलकिले करून पुन्हा मिटणे हा पुरेसा प्रतिसाद नव्हे. अशा वेळी रुग्णवाहिकेस बोलाविणे हाच योग्य निर्णय होय.

दुसरी तपासणी श्वासाची. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे 12 ते 20 वेळा श्वास घेते. छाती व पोट यांच्या हालचालीकडे पाहत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. मिनिटाला 8 पेक्षा कमी श्वास, अथवा दोन श्वासांमध्ये 10 सेकंदांहून अधिक खंड, हे गंभीर धोक्याचे लक्षण समजावे. संख्येइतकाच श्वासाचा आवाज महत्त्वाचा आहे. नेहमी न घोरणारी व्यक्ती एकाएकी खोल, खरखरीत घोरू लागली किंवा घशातून पाणी उकळल्यासारखा गुडगुड आवाज येऊ लागला, तर श्वासमार्ग अंशतः अडला आहे असे मानावे. ‘छान घोरतो आहे, म्हणजे गाढ झोप लागली’ हा अर्थ अशा प्रसंगी घातक ठरतो.

तिसरी तपासणी त्वचेची. प्राणवायू कमी पडू लागला की ओठ व नखे निळसर किंवा राखी दिसू लागतात. सावळ्या वर्णाच्या व्यक्तींमध्ये चेहऱ्यावरून हा बदल कळत नाही. त्यासाठी ओठांची आतील बाजू, हिरड्या, नखे आणि खालच्या पापणीची आतील बाजू उजेडात पाहावी. अंग थंड व चिकट लागणे, शुद्ध हरपलेली असताना उलटी होणे आणि आकडी येणे ही लक्षणेही तितकीच गंभीर आहेत. ही सर्व लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये. त्यांपैकी एकही पुरेसे आहे.

तोंडाला येणारा मद्याचा वास मात्र कशाचेही निश्चित प्रमाण नव्हे. प्यालेला माणूस जिन्यावरून पडून त्याच्या डोक्याला मार लागलेला असू शकतो. मधुमेहाच्या रुग्णाची रक्तशर्करा मद्यामुळे धोकादायकरीत्या खाली गेलेली असू शकते, आणि पक्षाघाताचा रुग्णही दारू प्यायल्यासारखा बोलतो. म्हणून कारण शोधीत बसण्यापेक्षा लक्षणांवरून कृती करणे श्रेयस्कर ठरते.

एक नमुना प्रसंग

वारंवार घडणाऱ्या परिस्थितीवरून रचलेला एक काल्पनिक प्रसंग येथे विचारात घेऊ. तालुक्याच्या गावी राहणारे सुमारे पंचेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ काही महिन्यांपासून झोपेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेत आहेत. पुतणीच्या हळदीच्या रात्री मित्रांबरोबर त्यांचे मद्यपान होते. साडेअकराला ते घरी येतात, थोडे बोलतात, आणि नेहमीची गोळी घेऊन झोपतात. झोप लवकर लागत नाही म्हणून आणखी एक घेतात. मरण्याचा कोणताही हेतू त्यांच्या मनात नसतो. सव्वाबाराच्या सुमारास पत्नीला त्यांचे घोरणे वेगळे वाटते. ती हाक मारते, खांदा हलविते. ते केवळ कण्हतात. घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘झोपू दे त्याला, उगाच लग्नघरात बोभाटा नको.’

या क्षणापासून दोन वाटा फुटतात. पहिल्या वाटेवर दिवा मालविला जातो. पुढच्या तासाभरात मद्य व दोन्ही गोळ्यांचा अंमल वाढत जातो, पहाटे उलटी होते, आणि उताणे झोपलेल्या त्या गृहस्थांना ठसकाही लागत नाही.

दुसऱ्या वाटेवर पत्नी दिवा लावते व घड्याळ पाहून श्वास मोजते. मिनिटाला सात श्वास भरतात. ती दिराला 108 या क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगते. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका सेवा 2014 पासून कार्यरत आहे. गोव्यातही हाच क्रमांक चालतो, आणि तो न लागल्यास 112 हा आपत्कालीन क्रमांक उपलब्ध आहे. दीर नेमके सांगतो : ‘पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ, दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही घेतल्या आहेत, उठत नाहीत, मिनिटाला सात श्वास आहेत.’ त्यानंतर तो पत्ता व जवळची खूण देतो आणि पलीकडून सांगितले जाईपर्यंत दूरध्वनी बंद करीत नाही. ‘थोडे बरे नाही’ अशा मोघम सांगण्यापेक्षा ही चार वाक्ये अधिक उपयोगी पडतात. दरम्यान दुसरी व्यक्ती फाटकाशी विजेरी घेऊन उभी राहते, आणि पत्नी त्यांना कुशीवर वळविते.

कुशीवर वळविण्याची पद्धती

बेशुद्ध परंतु श्वास चालू असलेल्या व्यक्तीस उताणे ठेवू नये, कुशीवर ठेवावे. त्यासाठी व्यक्तीच्या एका बाजूस गुडघ्यांवर बसावे. तिचा चष्मा काढावा, गळ्याजवळची बटणे सैल करावीत. आपल्याकडचा तिचा हात शरीराशी काटकोनात ठेवून कोपरात वर वळवावा, तळवा वरच्या दिशेला असावा. पलीकडचा हात छातीवरून आणून त्याच्या तळहाताची मागील बाजू आपल्याकडील गालाला टेकवावी व तेथेच धरून ठेवावी. दुसऱ्या हाताने पलीकडचा पाय गुडघ्याच्या किंचित वर धरून दुमडावा, तळपाय जमिनीला टेकलेला असावा. आता तो दुमडलेला गुडघा आपल्याकडे ओढला की स्थूल व्यक्तीचे शरीरही फारसा जोर न लावता कुशीवर वळते. वरचा पाय कंबरेत व गुडघ्यात काटकोनात ठेवावा, म्हणजे शरीर पालथे होत नाही. शेवटी डोके हलकेच मागे झुकवून श्वासमार्ग मोकळा करावा आणि तोंड जमिनीकडे किंचित कलते ठेवावे, जेणेकरून उलटी झाल्यास ती आपोआप बाहेर पडेल.

उशा लावून बसते करणे हा या स्थितीला पर्याय नाही, कारण बसलेल्या बेशुद्ध व्यक्तीची मान पुढे लोंबकळून श्वासमार्ग दबतो. कुशीवर वळविल्यानंतरही काम संपत नाही. मदत येईपर्यंत एका व्यक्तीने तेथेच बसून श्वासावर सतत लक्ष ठेवावे. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या विस्फारतात व शरीराची उष्णता वेगाने जाते. म्हणून फरशीवर पडलेल्या व्यक्तीच्या खाली सतरंजी सरकवावी व अंगावर पांघरूण घालावे, चेहरा मात्र उघडा ठेवावा. उंचावरून पडल्याचा संशय असल्यास मान न हलविणे इष्ट असते. तथापि उलटी होत असेल अथवा श्वासात गुडगुड असेल, तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळविणे भागच आहे. तेथे श्वासाला अग्रक्रम द्यावा लागतो.

श्वास थांबल्यास

व्यक्ती प्रतिसाद देत नाही आणि 10 सेकंदांच्या निरीक्षणात नेहमीसारखा श्वास दिसत नाही, किंवा अधूनमधून मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो तसे केवळ आचके येत आहेत, तर श्वास थांबला असे समजावे. आचक्यांना श्वास मानणे ही उपस्थितांच्या हातून होणारी मोठी चूक होय. अशा वेळी व्यक्तीला कठीण पृष्ठभागावर उताणे करून छातीच्या मध्यभागी, दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाब द्यावेत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने दर 30 दाबांनंतर तोंडाने 2 श्वास द्यावेत. अंमली पदार्थांमुळे प्रथम श्वास व नंतर हृदय थांबते, त्यामुळे येथे तोंडाने दिलेल्या श्वासांचे महत्त्व विशेष आहे. ज्यास ते जमत नाही, त्याने निदान छातीवरील दाब अखंड चालू ठेवावेत. काहीच न करण्यापेक्षा ते निश्चितच हिताचे आहे.

टाळावयाच्या गोष्टी

मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करविणे हा सर्वांत प्रचलित व सर्वांत धोकादायक उपाय आहे. ठसका हरवलेल्या व्यक्तीची ओकारी पोटातून निघून फुप्फुसात जाते. त्याच कारणास्तव अर्धवट शुद्धीतील व्यक्तीच्या तोंडात पाणी, ताक, लिंबूरस, साखर अथवा कॉफी यांपैकी काहीही घालू नये. थंड पाण्याखाली बसविल्याने शरीराचे तापमान आणखी घसरते व पडून इजा होते. आणि ‘उतरण्यासाठी’ एकट्याला खोलीत निजवून दार ओढून घेणे तर पूर्णतः वर्ज्य मानावे.

घरात बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे उपकरण असल्यास ते लावण्यास हरकत नाही. पण त्याचा आकडा समाधानकारक दिसला म्हणून मदत बोलाविणे लांबवू नये. श्वास मंदावल्यानंतर आकडा खाली येण्यास वेळ लागू शकतो. शिवाय थंड पडलेल्या बोटावर तो विश्वसनीय नसतो.

नॅलॉक्सोन या उताऱ्याविषयी हल्ली बरेच बोलले जाते. हे औषध अफूवर्गीय पदार्थांचा अंमल उतरविते. मद्य अथवा चिंताशामक गोळ्यांवर त्याचा परिणाम होत नाही. मात्र डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतील, किंवा जवळ ट्रॅमाडॉलच्या गोळ्या वा कोडीनयुक्त खोकल्याची बाटली सापडली, तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. कारण तेथे या उताऱ्याचा उपयोग होऊ शकतो.

डॉक्टरांना द्यावयाची माहिती

रिकामी झालेली गोळ्यांची पाकिटे, बाटल्या व डॉक्टरांची चिठ्ठी फेकून न देता पिशवीत घालून रुग्णाबरोबर पाठवावी. शेवटचे बोलणे किती वाजता झाले, श्वास केव्हा मोजले व किती भरले, उलटी किंवा आकडी आली काय, एवढे चार मुद्दे कागदावर टिपावेत. व्यक्ती रोज मद्य किंवा गोळ्या घेते काय, हेही सांगावे. सवय असलेल्यांमध्ये काही उतारे दिल्याने आकडी येण्याचा धोका असल्याने उपचाराची निवड या उत्तरावर अवलंबून असते.

हातभट्टीचे अथवा अनोळखी मद्य प्यायल्याचा संशय असल्यास तो स्पष्टपणे नमूद करावा. मिथेनॉलमिश्रित दारूची लक्षणे बहुधा काही तासांनी, कित्येकदा दुसऱ्या दिवशी उद्भवतात : अंधुक दिसणे, पोटदुखी, उलट्या, धाप. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. तेथे शुद्धीवर असलेल्या व्यक्तीसही तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते, कारण वेळेवर उपचार न झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते.

पोलिसांची भीती

उपस्थित मंडळी अनेकदा माहिती लपवितात किंवा रुग्णालयात जाणे टाळतात, ते पोलीस चौकशीच्या धास्तीने. या संदर्भात वस्तुस्थिती जाणून घेणे उचित होय. परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कायदेशीर सोपस्कारांची वाट न पाहता रुग्णाचा जीव वाचविण्यासाठी उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे. गोळ्या जाणूनबुजून घेतल्या असल्या, तरी 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या 115 व्या कलमानुसार अशी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी व पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरते. आत्महत्येचा प्रयत्न हा सरसकट गुन्हा मानणारे भारतीय दंडसंहितेचे 309 वे कलम 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेले नाही. रुग्णालयात वैद्यकीय-न्यायिक नोंद होईल. परंतु ती नोंद म्हणजे शिक्षा नव्हे. हेतूविषयी शंका असल्यास रुग्णास एकटे सोडू नये, उरलेल्या गोळ्या दूर ठेवाव्यात, आणि प्रकृती स्थिरावल्यावर मानसोपचाराची सोय करावी. टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठी चोवीस तास उपलब्ध असतो.

समारोप

वरील नमुना प्रसंगातील पत्नीने कोणतेही औषध दिले नाही. तिने हाक मारून पाहिले, श्वास मोजला, मदत बोलाविली, पतीला कुशीवर वळविले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ती जागची हलली नाही. यकृताला आपले काम करण्यास जे तास लागतात, ते मिळवून देणे रुग्णालयाच्या हाती असते. परंतु रुग्ण तेथपर्यंत श्वास घेत पोहोचतो की नाही, हे घरातील त्या अर्ध्या तासात ठरते. लग्नघरातील बोभाटा दोन दिवसांत विरतो. दिवा मालविण्यापूर्वी एक मिनिट घड्याळ हाती धरून श्वास मोजणे, ही एवढीच अपेक्षा उपस्थितांकडून आहे.